जबडा दुखतो, धाप लागते आणि बाबा म्हणतात ‘दाताचं असेल’: काय बघायचं, काय विचारायचं, कधी निघायचं

पुढचं उदाहरण एका घराचं नाही, अशा बऱ्याच घरांत जे घडतं त्यावरून ते रचलं आहे. वडील ७३ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, वाईला राहतात. चौदा वर्षांपासून मधुमेह, बीपीची एक गोळी, तंबाखू सुटून दहा वर्षं झालेली. मुलगी पुण्यात नोकरी करते. गणपतीला चार दिवस घरी आली आणि तिला दोन गोष्टी खटकल्या. मंडईतून घरी येताना गल्लीचा चढ लागतो तिथे बाबा एका दुकानासमोर थांबले आणि काही घ्यायचं नसताना काचेतल्या वस्तू बघत राहिले. थांबल्यावर त्यांचा हात डाव्या गालावर गेला.

विचारलं तर उत्तर तयार होतं. “अगं, दाढ ठणकते. आणि वय झालं आता, धाप लागणारच.”

धाप आणि जबड्याचं दुखणं ही दोन्ही लक्षणं हृदयाला रक्त कमी पडल्याची असू शकतात, आणि छातीत अजिबात दुखत नसतानाही असू शकतात. मुलीला पुढच्या तीन दिवसांत तीन प्रश्न सोडवायचे होते. हे दाताचं की हृदयाचं? सोमवारी ओपीडीत दाखवलं तर चालेल की आजच निघायचं? आणि न ऐकणाऱ्या बाबांना न्यायचं कसं?

हृदयाचं दुखणं जबड्यात का जातं

हृदयाकडून येणाऱ्या वेदनेच्या नसा मज्जारज्जूत जिथे पोहोचतात, तिथेच आजूबाजूला मान, खांदा, हात आणि जबडा इथल्या नसाही येऊन मिळतात. मेंदूला आयुष्यभर दाताच्या, मानेच्या, हाताच्या वेदनांची सवय असते, हृदयाच्या वेदनेची नसते. त्यामुळे खालून आलेली तक्रार तो ओळखीच्या पत्त्यावर टाकतो. दुखतं हृदय आणि माणूस धरतो गाल.

मधुमेह जुना असेल तर आणखी एक गोष्ट होते. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिल्याने जशा पायाच्या नसा बधिर होतात, तशा हृदयाच्या नसाही मंद होतात. मग छातीवर दगड ठेवल्यासारखं दुखणं येतच नाही, किंवा फार पुसट येतं. वय वाढेल तसं हे प्रमाण वाढतं, आणि ऐंशीच्या पुढे तर हृदयविकाराचा झटका बऱ्याचदा छातीत न दुखता धाप लागूनच कळतो.

धापेचं कारणही सरळ आहे. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडलं की तो नीट आकुंचन पावत नाही आणि नीट सैलही होत नाही, ताठर राहतो. फुप्फुसांकडून येणारं रक्त त्यात सहज मावत नाही, त्याचा दाब मागे फुप्फुसांत साचतो आणि श्वास तोकडा पडतो. बसलं की हृदयाचं काम कमी होतं आणि काही मिनिटांत श्वास पूर्ववत होतो. म्हणून माणसाला वाटतं, थांबलो की बरं वाटतं, म्हणजे विशेष काही नाही. खरं तर थांबल्यावर बरं वाटणं हीच इथली सगळ्यात मोठी खूण आहे.

दाताचं की हृदयाचं

‘किती दुखतं’ हे विचारून उपयोग होत नाही. ‘कशाने येतं आणि कशाने जातं’ हे विचारायचं. दाढ दुखत असेल तर गार पाणी, गरम चहा, गोड, चावणं यांनी कळ येते, एका ठरावीक दातावर बोट ठेवता येतं, आणि रात्री आडवं झाल्यावरही ती ठणकते. चढ चढल्याने दाढ दुखायला लागत नाही. हृदयाचं दुखणं याच्या उलट असतं. चालताना, ओझं उचलताना, चिडल्यावर, जेवल्याबरोबर फिरायला निघाल्यावर किंवा पहाटेच्या गारठ्यात ते येतं. दुखण्याऐवजी आवळल्यासारखं, जडावल्यासारखं वाटतं. जागा बोटाने दाखवता येत नाही, माणूस पूर्ण तळवा गालावर किंवा गळ्यावर फिरवतो. बऱ्याचदा दोन्ही बाजूंना असतं. आणि थांबलं की दोन ते दहा मिनिटांत विरून जातं.

आपल्या उदाहरणातल्या बाबांनी महिनाभरापूर्वी दात दाखवलेही होते. एक्स-रे काढला, किडलेलं काही सापडलं नाही, तरी ते लवंगेचं तेल लावत राहिले. दाताच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही हा मोठा दुवा होता आणि तो घरात कोणाच्याच लक्षात आला नाही. जबडा दुखतो आणि दात चांगले आहेत, असं असेल तर पुढचा थांबा ईसीजी असायला हवा.

इथे दोन गोष्टी हमखास फसवतात. पहिली म्हणजे, सकाळी पहिल्या चालण्यात जबडा दुखतो, माणूस थोडा थांबतो आणि नंतर त्याच वेगाने चालला तरी दुखत नाही. बाबा म्हणतात, “हृदयाचं असतं तर दुसऱ्यांदाही दुखलं असतं ना?” तसं नाही. एकदा ताण पडून गेला की पुढचा काही वेळ हृदय तोच ताण जरा जास्त सोसतं, हे डॉक्टरांना चांगलं माहीत असलेलं वर्तन आहे. दुसरी म्हणजे गॅसची गोळी किंवा सोडा. घेतल्यावर बरं वाटलं म्हणून ते पित्तच होतं असं ठरत नाही, कारण गोळी शोधून, पाणी पिऊन, पाच मिनिटं बसण्यात विश्रांती आपोआप मिळालेली असते.

विचारायचं कसं

“बाबा, दुखतं का?” या प्रश्नाला “नाही” हेच उत्तर येतं, आणि ते खोटं असतं असंही नाही. जे केल्याने त्रास होतो ते करणं माणसाने हळूहळू सोडलेलं असतं. मग त्रास होणार कुठून? म्हणून दुखण्याबद्दल न विचारता सोडलेल्या कामांबद्दल विचारायचं. मुलीने आईला आणि बाबांना वेगवेगळं गाठून हे विचारलं: गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी आता कोण घालतं? दळण कोण आणतं? घाटावर फिरायला जात होतात ते कधीपासून बंद? पूर्वी एका दमात होणारी गोष्ट आता किती टप्प्यांत होते? रात्री उशा किती लागतात?

उत्तरं अशी आली. कुंड्यांना पाणी दोन महिन्यांपासून आई घालते. दळण शेजारचा मुलगा आणतो. घाटावर जाणं “पावसामुळे” बंद, पण पाऊस नसलेल्या दिवशीही बंद. उशी एकच. म्हणजे आडवं झाल्यावर दम कोंडत नव्हता, पण दोन महिन्यांत माणसाची ताकद एक जिना आणि एक चढ एवढी कमी झाली होती. वयाने येणारा थकवा वर्षानुवर्षांत येतो. दोन महिन्यांत आलेली धाप वयाच्या खात्यावर टाकता येत नाही.

धाप लागायला इतर कारणंही असतात आणि ती विसरून चालत नाही. हिमोग्लोबिन कमी असणं, दमा किंवा तंबाखू-धुरामुळे खराब झालेली फुप्फुसं, थायरॉइड, मूत्रपिंडाचा आजार. पायावर बोट दाबून खड्डा राहत असेल, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं असेल, रात्री दम कोंडून जाग येत असेल, तर हृदयाची पंप करण्याची शक्ती कमी होऊन पाणी साचत असल्याची शंका घ्यायची. यांतलं काही असलं तरी तपासणीची सुरुवात ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्यांनीच होते, त्यामुळे कारण घरी ठरवत बसायची गरज नाही.

एक गोष्ट करू नये. खात्री करून घ्यायला बाबांना मुद्दाम जिना चढायला लावू नये. रक्तवाहिनी किती बंद आहे हे माहीत नसताना अशी परीक्षा घरी घ्यायची नसते.

दोन दिवसांची वही

मुलीने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पाच रकाने आखले: तारीख-वेळ, काय करत होते, कुठे काय वाटलं, किती मिनिटं, कशाने थांबलं. मिनिटं अंदाजाने लिहायची नाहीत, घड्याळ बघून लिहायची. ‘थोडा वेळ’ म्हणजे कोणाला दोन मिनिटं तर कोणाला अर्धा तास वाटतो, आणि डॉक्टरांचा निर्णय बऱ्याचदा याच आकड्यावर फिरतो.

पहिली नोंद: शनिवारी सकाळी, पाण्याची बादली उचलून अंगणात नेली, डावा जबडा आणि धाप, ४ मिनिटं, बसल्यावर थांबलं. दुसरी: शनिवारी दुपारी, मोदकांच्या जेवणानंतर मंडपाकडे चालत गेले, दोन्ही जबडे जड, ५ मिनिटं, थांबल्यावर बरं. इथवर चित्र एकसारखं होतं. ठरावीक श्रमावर येतं, थांबल्यावर जातं. याला स्थिर अंजायना म्हणतात. यासाठी दोन-चार दिवसांत हृदयरोगतज्ज्ञांना दाखवायचं ठरवणं चुकीचं नाही, मात्र त्रास नुकताच सुरू झाला असेल तर उशीर करू नये आणि तोवर श्रम टाळावेत. मुलीने सोमवारची वेळ घेतली.

तिसरी नोंद रविवारी सकाळी सव्वासातची. बाबा खुर्चीत बसून चहा पीत होते. काही श्रम नव्हते. जबडा आवळला, कपाळावर गार घाम आला, १२ मिनिटं राहिलं.

या एका ओळीने सोमवार रद्द झाला. बसल्या जागी येणं, आधीपेक्षा जास्त वेळ राहणं, आणि सोबत घाम, ही तिन्ही चिन्हं सांगतात की आतल्या रक्तवाहिनीत काहीतरी बदललं आहे. आधी अरुंद पण शांत असलेल्या जागी चरबीच्या थराला चीर पडून रक्ताची गुठळी धरू लागली असावी. आता दुखणं थांबलं आहे हे समाधान खोटं आहे, कारण गुठळी कमी-जास्त होते तसं दुखणं येतं-जातं. बसल्या जागी आलेलं दुखणं, थोड्याशा श्रमावर वाढत्या वेळा येणारं दुखणं, वीस मिनिटांच्या वर टिकलेलं दुखणं, आणि दुखण्याबरोबर घाम, उलटी, चक्कर किंवा बोलता येऊ नये अशी धाप, यांपैकी काहीही असलं तर ओपीडीची वाट बघायची नाही. त्याच तासाला निघायचं, मग रविवार असो, विसर्जन असो वा रात्रीचे दोन.

बाबांना तयार करणं

या वयाची माणसं नाही म्हणतात त्यामागे बहुतेक तीन भीती असतात: दवाखान्यात गेलो की ठेवून घेतील, खर्च मुलांवर पडेल, आणि घरात सणाचा विचका होईल. “हार्ट अटॅक असेल तर?” असं म्हटलं की पहिली भीती दुप्पट होते आणि माणूस आणखी घट्ट बसतो. मोठी गोष्ट मनवण्यापेक्षा लहान गोष्ट मागितली की होकार लवकर मिळतो.

मुलगी म्हणाली, “बाबा, ऑपरेशनचं कोणी बोलत नाहीये. छातीला तारा लावून एक पट्टी काढायची, दहा मिनिटांचं काम. ती बघितल्याशिवाय मी पुण्याला जाणार नाही.”

“अगं, आज रविवार. उद्या जाऊ की.”

“काल बादली उचलल्यावर दुखलं, आज बसून दुखलं. बघा, इथे तुमच्यासमोर लिहिलंय. उद्यापर्यंत थांबण्यासारखं हे नाही.”

नोंद त्यांच्यासमोर लिहिलेली होती, म्हणून वाद तब्येतीवर न होता कागदावरच्या दोन ओळींवर झाला. शिक्षकी पेशात गेलेल्या माणसाला लिहिलेलं नाकारणं जड जातं. ज्यांना हे पटणार नाही, त्यांच्यासाठी ज्यांचा शब्द ते मानतात अशा माणसाला, म्हणजे धाकट्या भावाला, जुन्या मित्राला किंवा नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावून द्यावा. पण दुखणं चालू असेल तर ही समजूत पाच मिनिटांपेक्षा लांबवू नये. १०८ ला फोन लावायचा आणि अँब्युलन्स दारात आल्यावर उरलेलं बोलायचं. गाडी दारात आली की बरीच माणसं ऐकतात.

निघण्याआधीची दहा मिनिटं

बाबांना खुर्चीत, पाठ टेकवून बसवायचं. अंघोळ नाही, संडासला जोर करणं नाही, कपडे बदलायला जिना चढणं नाही, गाडीपर्यंत चालत जाणंही नाही. खाणंपिणं थांबवायचं, पुढे अँजिओग्राफी लागू शकते.

१०८ वर बोलताना ‘बरं वाटत नाही’ असं सांगू नये. वाक्य असं असावं: “७३ वर्षांचे पुरुष, मधुमेह आहे, सकाळी सव्वासातला बसल्या जागी बारा मिनिटं जबडा दुखला, घाम आला, दोन महिन्यांपासून धाप आहे, हृदयाचा त्रास वाटतो.” मग पत्ता आणि खुणेची जागा. स्वतःची गाडी लवकर मिळत असली तरी दुखणं चालू असताना अँब्युलन्सच बरी. वाटेत हृदयाची लय बिघडली तर तिथे झटका देण्याचं यंत्र आणि ते चालवणारा माणूस असतो, घरच्या गाडीत मागच्या सीटवर काही नसतं. मोटरसायकलवर मध्ये बसवून नेणं तर कधीच नको.

अॅस्पिरिनचा प्रश्न लगेच येतो. हृदयाचीच शंका असेल, अॅस्पिरिनची अॅलर्जी नसेल, काळी शौचास होणं किंवा कुठून रक्तस्राव नसेल, रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू नसेल आणि तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं असं लकव्याचं लक्षण नसेल, तर सुमारे ३०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन चावून देतात. चावणं महत्त्वाचं, कारण आतड्यात विरघळावी म्हणून वर थर दिलेली ७५ ची गोळी तशीच गिळली तर काम सुरू व्हायला फार वेळ लागतो. अशा गोळ्या असतील तर चार चावायच्या. पाण्यात विरघळणारी ३५० ची गोळी असेल तर एक पुरते. १०८ वरच्या किंवा आपल्या डॉक्टरांना फोनवर विचारून दिली तर उत्तम. सरसकट कोणतीही वेदनाशामक गोळी म्हणजे अॅस्पिरिन नव्हे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांनी इथे नुकसान होतं.

शेजारचे काका जिभेखालची सॉर्बिट्रेट घेऊन धावत येतात, हेही ठरलेलं असतं. ती गोळी डॉक्टरांनी याच माणसाला आधी लिहून दिलेली नसेल तर देऊ नये. तिने बीपी झटकन उतरतं. वरचं बीपी ९० च्या खाली असेल, किंवा हृदयाच्या उजव्या कप्प्याला झटका असेल, तर माणूस कोसळू शकतो. लैंगिक क्षमतेसाठीची सिल्डेनाफिल गोळी गेल्या २४ तासांत किंवा टाडालाफिल ४८ तासांत घेतली असेल तर हा धोका फार वाढतो, आणि म्हातारी माणसं हे मुलीला सांगत नाहीत. म्हणून डॉक्टरांनी एकांतात विचारावं हे बरं.

पिशवीत एवढं हवं: चालू गोळ्यांच्या पट्ट्या (नावं लिहून न नेता पट्ट्याच न्याव्यात), जुना ईसीजी असेल तर तो, साखरेचे आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनचे शेवटचे रिपोर्ट, ती नोंदींची कागदाची बाजू, आधार कार्ड, रेशन कार्ड. जुना ईसीजी फार मोलाचा, कारण आजच्या पट्टीतला बदल नवा की दहा वर्षांपूर्वीचा हे त्याच्याशिवाय कळत नाही.

कुठे जायचं आणि पट्टी ‘नॉर्मल’ आली तर

पोहोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा, नंबर लावायचा नाही. खिडकीवर “दात दुखतो, धाप लागते” असं सांगितलं तर बाकावर बसवतील. “हृदयाची शंका आहे, ईसीजी काढा” असं सांगायचं.

बाबांची पहिली पट्टी साधारण ठीक आली. इथेच पुष्कळ घरं परत फिरतात. दुखणं नसताना काढलेला ईसीजी रक्तवाहिनी बरीच बंद असतानाही सरळ दिसू शकतो, तो फक्त त्या काही सेकंदांचं चित्र असतं. म्हणून पट्टी एकदा काढून भागत नाही. पंधरा ते तीस मिनिटांनी पुन्हा, आणि दुखणं आलं तर दुखत असताना लगेच काढायची. त्यासोबत ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणी. हृदयाच्या पेशी मेल्या तर हा पदार्थ रक्तात येतो, पण यायला वेळ लागतो. दुखून तासाभरातच काढलेलं ट्रोपोनिन नॉर्मल असलं तर त्यावर विसंबता येत नाही. प्रयोगशाळेत चांगली संवेदनशील तपासणी असेल तर एक ते तीन तासांनी दुसरं, पट्टीवर दोन रेघा बघण्याची साधी तपासणी असेल तर साधारण सहा तासांनी दुसरं बघावं लागतं. मुलीने विचारण्यासारखा प्रश्न एवढाच होता: “डॉक्टर, दुसरी पट्टी आणि दुसरं ट्रोपोनिन किती वाजता?” या प्रश्नात डॉक्टरांवर अविश्वास नाही, आणि घाईत राहून जाणारी गोष्ट त्याने लक्षात राहते.

बाबांना तिथेच पुन्हा जबडा दुखला. त्या वेळी काढलेल्या पट्टीत छातीच्या डाव्या बाजूच्या तारांमध्ये रेषा खाली बसलेली दिसली. तीन तासांनी दुसरं ट्रोपोनिन वाढलेलं आलं. रक्तवाहिनी पूर्ण बंद नव्हती, पण झटका होता. अँब्युलन्सने त्यांना साताऱ्याला कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफी करून वाहिनी उघडण्याची सोय, असलेल्या हॉस्पिटलात हलवलं.

ईसीजीत रेषा वर उचललेली दिसली असती तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा वाहिनी पूर्ण बंद असते आणि दर मिनिटाला स्नायू मरत असतो. कॅथलॅबमध्ये पोहोचून वाहिनी उघडणं निदानापासून दोन तासांत जमत असेल तर थेट तिकडे, जमत नसेल तर आहे तिथेच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आणि मग पुढे हलवणं. वाई, फलटण, माणगाव अशा ठिकाणी हा हिशेब खरोखर करावा लागतो. तेव्हा नातेवाइकांनी “मोठ्या हॉस्पिटलात नेऊन मगच काय ते करू” असा हट्ट धरला तर इंजेक्शनची मोलाची वेळ रस्त्यात जाते. ज्येष्ठांमध्ये त्या इंजेक्शनाने मेंदूत रक्तस्रावाचा धोका असतो, म्हणून ७५ च्या पुढे टेनेक्टेप्लेज या इंजेक्शनचा डोस निम्मा देतात. हा प्रश्न डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावा.

खर्चाचा प्रश्न, लगेचच

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण, नोंदणी आधारवर. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे, तिचा चौकशीचा क्रमांक १५५३८८. दोन्ही फक्त योजनेतल्या हॉस्पिटलांत चालतात, म्हणून हलवण्याआधी ‘तिथे योजना आहे का’ हे विचारायचं. हॉस्पिटलच्या दारातच आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे दाखल होतानाच सांगायचं. बिल भरून झाल्यावर सांगितलं तर परतावा मिळवणं अवघड असतं. कार्ड आज काढून ठेवलं तर रविवारी सकाळी धावपळ होत नाही. वाहिनी उघडी ठेवायला आत बसवतात त्या जाळीच्या नळीच्या, म्हणजे स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, त्यामुळे बिलात स्टेंटची किंमत वेगळी लिहून मागता येते.

पुढे काय झालं, आणि दुसऱ्या वाटेने काय झालं असतं

अँजिओग्राफी मनगटाच्या धमनीतून झाली. आधी क्रिएटिनिन बघितलं, कारण त्यात वापरलं जाणारं रंगद्रव्य कमजोर मूत्रपिंडाला त्रास देतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन थांबवायची का हेही त्या आकड्यावरच ठरतं. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी मुख्य वाहिनी सुरुवातीलाच ९० टक्के अरुंद होती. तिथे स्टेंट बसला. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ४५ टक्के आलं, म्हणजे किंचित कमी. दोन महिन्यांची धाप तिथून होती.

मुलीने शनिवारच्या दोन नोंदींवरच, म्हणजे त्रास स्थिर असताना नेलं असतं तर क्रम वेगळा असता. हिमोग्लोबिन, साखर, चरबी, क्रिएटिनिन, थायरॉइड, ईसीजी, इको, आणि मग ट्रेडमिल किंवा सीटी अँजिओग्राफी. गुडघे चालू देत नसतील तर ट्रेडमिलऐवजी औषधाने हृदयाची गती वाढवून इको करतात. बसल्या जागी दुखत असेल तर ट्रेडमिल करायचीच नसते. त्या स्थिर अवस्थेत सगळ्यांना स्टेंट लागतोच असं नाही. ५१७९ रुग्णांवर झालेल्या इस्केमिया या मोठ्या चाचणीत, मुख्य डाव्या वाहिनीत मोठा अडथळा नसलेल्या स्थिर रुग्णांत, आधी औषधं आणि आधी अँजिओग्राफी या दोन मार्गांत साधारण तीन वर्षांत मृत्यू आणि झटके यांत ठळक फरक दिसला नाही. दुखणं मात्र स्टेंट किंवा बायपासनंतर जास्त कमी झालं. म्हणून स्थिर माणसाला “आजच्या आज टाकून घ्या” असं कोणी म्हटलं तर रिपोर्ट घेऊन दुसरं मत घ्यायला वेळ असतो. रविवारच्या बाबांना तो नव्हता.

घरी आल्यावर

स्टेंटनंतर रक्तातल्या चकत्या चिकटू न देणाऱ्या दोन गोळ्या सुरू होतात. झटक्यानंतर त्या साधारण वर्षभर चालतात, रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर डॉक्टर मुदत कमी करतात. त्या स्वतःहून एक दिवसही थांबवायच्या नाहीत. पहिल्या महिन्यांत अचानक थांबवल्या तर स्टेंटमध्येच गुठळी धरते आणि तो झटका फार मोठा असतो. इथे दात पुन्हा गोष्टीत येतो. पुढे खरोखरच दाढ काढायची वेळ आली तर दाताच्या डॉक्टरांना स्टेंटची तारीख आणि गोळ्या सांगायच्या, आणि गोळ्यांबाबत त्यांचं हृदयरोगतज्ज्ञांशी बोलणं झाल्याशिवाय काही बदलायचं नाही. एक दाढ बहुधा गोळ्या चालू ठेवूनच, टाका घालून काढता येते.

आता सॉर्बिट्रेट बाबांच्या स्वतःच्या कागदावर लिहून आलेली आहे. जबडा पुन्हा दुखला तर आधी बसायचं, उभ्याने गोळी घ्यायची नाही. ५ मिलिग्रॅमची एक गोळी जिभेखाली, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही, किंवा वाढलं, तर १०८. थांबलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, आणि कॅलेंडरच्या मागच्या बाजूला चौथी नोंद.